‘थांबा’ म्हणण्याचीही तालीम हवी

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेच्या बालवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी तेथील रेल्वे स्थानकात लोहमार्ग तासन्‌तास रोखून धरला. त्यानंतर शाळांत सीसीटीव्ही बसवण्याचे शासकीय आदेश निघाले, समित्यांची आठवण झाली, आणि शाळाशाळांतून ‘गुड टच, बॅड टच’ या विषयावर व्याख्याने झाली. व्याख्यानांचे स्वरूप साधारणतः ठरलेले असते. सभागृहात दोन-तीनशे मुले मांडी घालून बसतात, पाहुण्या बाई एक रंगीत तक्ता दाखवतात आणि शेवटी विचारतात, “कुणी नको तिथे हात लावला तर काय म्हणायचं?” सभागृह दणाणून टाकणारे उत्तर येते, “नाही!” बाई समाधानाने हसतात, मुख्याध्यापक आभार मानतात, आणि विषय वर्षभरापुरता मिटतो.

प्रश्न असा आहे की, तीनशे जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ‘नाही’ म्हणणारे हे मूल, रिकाम्या खोलीत, एकटे असताना, ज्याला रोज ‘काका’ किंवा ‘सर’ म्हणते त्याच्या तोंडावर तो शब्द उच्चारू शकेल काय? समूहस्वरात उत्तर देणे ही एक गोष्ट झाली. मोठ्या माणसाला तोंडावर थांबवणे, तेथून निघणे आणि दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जाऊन ते सांगणे ही सर्वस्वी निराळी. पहिली कानाने शिकता येते. दुसरी पोहण्यासारखी आहे. पाण्यात उतरल्याखेरीज येत नाही.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी बालवाडी आणि पहिलीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. विषय होता अनोळखी माणसाच्या आमिषाला मुले बळी पडतात का, हा. मुलांचे गट करण्यात आले. एका गटाला शाळेतील नेहमीच्या पद्धतीने सुरक्षिततेची माहिती सांगितली गेली, एका गटाला नुसती चित्रफीत दाखवली गेली, एका गटाला चित्रफीत दाखवून प्रत्येक मुलाकडून ती कृती करवून घेतली गेली, आणि एका गटाला काहीच शिकवले गेले नाही. नंतर संशोधकांचाच एक माणूस अनोळखी म्हणून मुलांपुढे आला आणि ‘माझ्याबरोबर चल’ म्हणाला. काहीच न शिकलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मुले तत्काळ निघाली. नेहमीची माहिती ऐकलेल्यांपैकी निम्म्यांहून कमी मुले सुरक्षित वागली. ज्यांनी प्रत्यक्ष सराव केला होता, ती बहुतांशी योग्य तऱ्हेने वागली. ऐकणे, पाहणे आणि करणे यांतील अंतर इतके आहे.

आपल्याकडे मात्र अनोळखी माणसाची भीती घालून पालक निश्चिंत होतात. वस्तुतः धोका बहुधा ओळखीच्या चेहऱ्याने येतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेरा राज्यांतील पाहणीत १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा त्याचा विश्वास असलेल्या स्थानावरचे होते. बहुसंख्य मुलांनी ते कधीच कुणाला सांगितलेले नव्हते. मुलगे म्हणजे सुरक्षित असे गृहीत धरणाऱ्या घरांनी आणखी एक आकडा पाहावा. छळ सोसलेल्या त्या मुलांत निम्म्याहून किंचित अधिक मुलगेच होते.

‘नको ना’ आणि ‘थांबा’

मराठी घरातल्या मुलाच्या तोंडी नकाराचा जो शब्द असतो तो ‘नको ना’ हा. त्यातला ‘ना’ फार घातक आहे. तो नकाराला विनवणीत बदलतो, आणि विनवणी करणाऱ्याला समजूत घालून वळवता येते, हे प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असते. मूल ‘नको ना’ म्हणताना हसते, मान तिरकी करते, अंग चोरते, पण जागचे हलत नाही. हे सारे आपणच त्याला शिकवलेले असते. मोठ्यांना उलट बोलू नये, पाहुण्यांसमोर तोंड वेंगाडू नये, सर सांगतील ते ऐकावे. हे संस्कार चुकीचे आहेत असे नव्हे, त्यांना अपवाद शिकवलेला नाही, एवढेच.

म्हणून पहिला सराव शब्दाचा आणि स्वराचा. समवयस्काला ‘थांब’, मोठ्यांना ‘थांबा’. आदरार्थी क्रियापद ठेवायला काहीच हरकत नाही. उलट ते ठेवले की सुसंस्कृत घरातील मुलाची जीभ अडखळत नाही. त्याला जोडून एकच छोटे वाक्य, “थांबा. मला हे आवडत नाही.” कारण द्यायचे नाही. ‘मला अभ्यास आहे’, ‘आई रागावेल’ अशी कारणे दिली की समोरचा ती खोडून काढतो आणि मूल वादात सापडते. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, एक हात छातीसमोर, तळवा पुढे, नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर, चेहऱ्यावर हसू नाही. आवाज लाडिक नको आणि किंचाळीही नको. पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल इतका मोठा, पण सपाट. मुलांना हा फरक समजावून सांगता येत नाही, ऐकवून दाखवता येतो. आईने एकच शब्द तीन प्रकारे म्हणून दाखवावा, लाडात, ओरडून आणि ठामपणे, आणि ‘यातला खरा कोणता?’ असे विचारावे. मुले पहिल्याच खेपेस बरोबर ओळखतात. स्वतः म्हणायची वेळ आली की मात्र पुन्हा ‘ना’ येतो.

दुसरा भाग निघून जाण्याचा, आणि तोच बहुतेक व्याख्यानांतून गळतो. ‘थांबा’ म्हणून मूल उभे राहते, जणू परवानगीची वाट पाहते. समोरच्याने हात मागे घेतला, ‘बरं बाबा, नाही करत’ म्हटले, की मुलाला प्रकरण संपल्यासारखे वाटते. म्हणून शब्द आणि पाऊल यांची गाठ एकत्रच बांधावी लागते; ‘थांबा’ म्हणताच पाठ फिरवायची आणि चालू लागायचे, उत्तराची वाट पाहायची नाही. कुठे? तर जिथे माणसे आहेत तिथे, आणि आधी ठरवलेल्या माणसाकडे. पिशवी, चपला, डबा मागे राहिला तरी चालेल, हेही आधीच सांगून ठेवावे. एरवी ‘डबा हरवलास?’ म्हणून रोज बोलणी खाणारे मूल त्या क्षणीही डबा शोधत थांबेल.

तिसरा भाग सांगण्याचा. त्यासाठी विश्वासाची माणसे आधी ठरलेली हवीत, आणि ती मुलाने ठरवलेली हवीत. आईवडिलांना वाटते, अमुक मामांना सांगेल. मुलाला त्या मामांची भीती वाटत असते. तीन नावे पुरेत, पण त्यांतले एक घराबाहेरचे, शक्यतो शाळेतले असावे, कारण घरातल्याच कुणाविषयी सांगायचे असेल तर? हा प्रश्न अप्रिय आहे, पण वर दिलेला निम्म्याचा आकडा पाहता टाळता येण्याजोगा नाही. ज्यांना निवडले त्यांना ते कळवलेही पाहिजे. आपले नाव कुणाच्या तरी यादीत आहे हे वर्गशिक्षिकेला ठाऊकच नसेल, तर मधल्या सुटीत जवळ येऊन घुटमळणाऱ्या मुलाला ती ‘जा, रांगेत उभा राहा’ म्हणेल.

सांगायचे तर शब्द हवेत, आणि आपल्याकडे नेमके तेच नसतात. ‘त्यांनी मला त्रास दिला’ एवढेच मूल म्हणते, आणि ऐकणारा ते भांडण समजतो. डोके, पोट, गुडघा यांबरोबरच गुप्तांगांची नावे मुलाला घरात सहजपणे कळली पाहिजेत. डॉक्टरी शब्द जड वाटत असतील तर ‘शूची जागा’, ‘शीची जागा’ हे शब्दही चालतील, फक्त ते असे असावेत की शाळेतील बाईंनाही अर्थ कळेल. काही घरांत लाडाने त्या अवयवाला पक्ष्याचे नाहीतर फळाचे नाव दिलेले असते. बाहेरच्या माणसाला त्यातून काय कळणार?

एका संध्याकाळची तालीम

हे प्रत्यक्षात कसे करावे, ते एका कल्पित घराच्या उदाहरणाने पाहू. दुसरीत शिकणारा सात वर्षांचा मुलगा आहे, आई आहे, आजी आहे. रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटे हाताशी आहेत. आई म्हणते, “आज आपण खोटं-खोटं नाटक करूया. मी तबल्याच्या क्लासमधला एक मोठा दादा. आजी तुझ्या विश्वासाची. चल.” येथे पहिली दक्षता अशी की दादा कुणी खरा नसावा. खऱ्या शेजाऱ्याचे किंवा खऱ्या सरांचे नाव घेतले तर निष्कारण एका भल्या माणसाविषयी मुलाच्या मनात विष कालवले जाते, किंवा मूल उद्या ते नाटक त्यांनाच जाऊन सांगते. दुसरी दक्षता त्याहून महत्त्वाची. नाटकात नको त्या स्पर्शाचा अभिनय कधीही करायचा नाही. खांद्यावर हात ठेवणे, हात धरणे, एवढेच करायचे. बाकीचे शब्दांनी सांगायचे.

आई दादा होते. “क्लास सुटला ना, थोडा वेळ थांब. माझ्या मोबाइलवर गेम आहे. इकडे, माझ्या मांडीवर बस. आणि हे आपलं गुपित हं, घरी सांगायचं नाही.” मुलगा खदखदून हसतो आणि म्हणतो, “नको ना!” आणि तिथेच उभा राहतो. हसणे स्वाभाविक आहे. त्याला रागावण्याचे कारण नाही. आई भूमिकेतून बाहेर येते आणि आधी जे जमले ते सांगते, “नको म्हणालास, बरोबर केलंस.” मग एकच सुधारणा सांगते, “आता ‘ना’ काढून टाक आणि हात पुढे कर.” एका वेळी एकच. हसू नकोस, ताठ उभा राहा, मोठ्याने बोल, लवकर नीघ, असे चार आदेश एकदम दिले की मूल गोंधळते आणि खेळ ही शिकवणी होते.

दुसऱ्या खेपेस “थांबा, मला आवडत नाही” नीट येते. पण दादा म्हणतो, “अरे, गंमत करत होतो. रागावलास?” आणि मुलगा “नाही” म्हणून थांबतो. येथे त्याला कळले पाहिजे की ‘रागावलास?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही. तिसऱ्या खेपेस तो दादाच्या बोलण्याच्या मध्येच वळतो आणि आजीकडे जातो. खेळाची खरी कसोटी आता लागते, कारण आजीला आईने आधीच सांगून ठेवले आहे की तिने फोनवर बोलत असल्याचे सोंग करायचे. मुलगा म्हणतो, “आजी, ऐक ना.” आजी हात झटकते, “नंतर, बाळा.” तो मुकाट्याने परत फिरतो.

घरोघरी हे असेच घडेल, हे वेगळे सांगायला नको. मोठी माणसे फोनवर असतात, मालिका पाहत असतात, पोळ्या लाटत असतात, आणि मुलांनी मध्ये बोलू नये हा आपल्याच घरचा नियम असतो. म्हणून या प्रसंगासाठी एक ठरीव वाक्य मुलाच्या हाती द्यावे, “मला आत्ताच सांगायचंय, महत्त्वाचं आहे.” घरातल्या सगळ्यांनी हे वाक्य ऐकले की हातातले काम खाली ठेवायचे, मग मूल पेन्सिल हरवल्याचे सांगायला आले असले तरीही. सुरुवातीला दोन-चार वेळा त्याचा गैरवापर होईल. तो होऊ द्यावा. वाक्य काम करते याची खात्री मूल त्यातूनच करून घेत असते. आणि आजीने ऐकलेच नाही तर? मग यादीतले दुसरे नाव, मग तिसरे. कुणी तरी ऐकून काही करेपर्यंत सांगत राहायचे, हाही सरावाचाच भाग.

चौथ्या खेपेस मुलगा आजीचा पदर ओढून वाक्य म्हणतो, आजी फोन ठेवते, तो सांगतो, “क्लासमधला दादा मांडीवर बस म्हणाला आणि गुपित ठेव म्हणाला.” कोण, काय केले, काय म्हणाला. बस्स, एवढेच. दहा मिनिटे संपली. पुढच्या आठवड्यात दादाच्या जागी लग्नघरातला गालगुच्चे घेणारा पाहुणा, त्यापुढे शाळेच्या व्हॅनमध्ये दप्तर ओढणारा मोठा मुलगा. शेवटचा प्रसंग किरकोळ वाटतो, पण सरावाला तोच उत्तम, कारण तो प्रत्यक्षात आठवड्यातून दोनदा घडतो आणि मुलाला शिकलेले लगेच वापरून पाहता येते. प्रसंग, माणूस आणि जागा बदलत राहिल्या नाहीत, तर मूल ‘तबल्याच्या क्लासमधल्या दादाला थांबा म्हणायचे’ एवढेच शिकते.

या खेळांत एखादा असाही प्रसंग हवा, जिथे ‘थांबा’ म्हणण्याचे कारण नाही. आई बरोबर असताना डॉक्टर पोट तपासतात, आजी आंघोळ घालते, खेळात मित्राचा धक्का लागतो. हे घेतले नाही, तर दंतवैद्यासमोर तळवा पुढे करून उभे राहणारे मूल पाहायला मिळते. पाच वर्षांखालच्या मुलांना हा भेद अवघड जातो. त्यामुळेच ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही लोकप्रिय विभागणीही तोकडी पडते. इंजेक्शन दुखते, पण ते वाईट नव्हे. गुदगुल्यांनी हसू येते, पण त्याआडून वाईट हेतू साधता येतो. वाटण्यावर सोपवण्यापेक्षा लहानांना साधा नियम द्यावा. झाकलेल्या जागांना स्वच्छतेसाठी किंवा औषधपाण्यासाठी वगळता कुणी हात लावायचा नाही, बघायच्या नाहीत, दाखवायला सांगायचे नाही. आणि स्पर्शाचे गुपित कधीच नसते. सात वर्षांच्या मुलाला एवढा नियम पाठ होतो आणि तो वापरताही येतो.

मुले उद्धट होतील?

या सर्वावर घरातील वडीलधाऱ्यांचा ठरलेला आक्षेप येतो. मुलांना मोठ्यांना अडवायला शिकवले तर ती उद्या अभ्यासालाही ‘थांबा’ म्हणतील, नातेवाइकांत शोभा होईल. आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. पाहुण्यांचे स्वागत करण्याची आपली रीत हात जोडून नमस्कार करण्याची आहे. तीत स्पर्श नाही आणि आदरात उणेही नाही. ‘काकांना पापी दे’, ‘लाजतोस काय, जा मांडीवर’ हा आग्रह आपल्या संस्काराचा भाग कधीपासून झाला? ज्या मुलाला जवळ जायचे नाही त्याने दुरून नमस्कार केला, तर ते पुरेसे मानावे, आणि आईवडिलांनी पाहुण्यांसमोर ते उघडपणे मान्य करावे. अभ्यासाचे म्हणाल, तर ‘थांबा’ हा शब्द शरीराविषयी आहे, गृहपाठाविषयी नाही, हे सात वर्षांचे मूल मोठ्या माणसांपेक्षा लवकर समजते.

त्याहून अवघड आहे ते घरातल्यांनी हा शब्द पाळणे. रविवारी सकाळी वडील मुलाला गुदगुल्या करतात, मूल हसत हसत ‘थांबा’ म्हणते, आणि वडील ‘अजून एकदा’ म्हणून पुन्हा सुरू करतात. प्रेमाचाच खेळ आहे. पण शब्दाने काही होत नाही, हेही त्याच खेळात मूल शिकते, आणि बुधवारच्या दहा मिनिटांच्या तालमीवर पाणी पडते. ‘थांबा’ ऐकताच हात वर करून थांबावे; ‘पुन्हा कर’ असे मुलाने म्हटले तरच पुन्हा. मुलाकडूनही हेच घ्यावे. बहिणीने ‘थांब’ म्हटल्यावर तिची वेणी ओढणाऱ्याला नियमाची दुसरी बाजू तिथल्या तिथे कळली पाहिजे.

ऐकणाऱ्याची तालीम

मुलाकडून इतके करून घेणारी मोठी माणसे स्वतःच्या भूमिकेची तालीम मात्र कधी करत नाहीत. खऱ्या प्रसंगी मूल येऊन सांगते तेव्हा बहुतेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते असे, “तू तेव्हाच ओरडला का नाहीस?” या एका प्रश्नाने सारे उलटते. भीतीने शरीर थिजते, आवाज फुटत नाही, हा माणसाचा स्वभावधर्म आहे. धडधाकट प्रौढांचेही तसे होते. ज्याने महिनाभर सराव केला ते मूलही थिजू शकते, आणि त्याला वाटते, मला शिकवले होते, मला जमले नाही, म्हणजे दोष माझाच. म्हणून सरावाच्या वेळीच प्रत्येक वेळा सांगून ठेवावे, “नाही म्हणता आलं तरी सांगायचं. उशिरा सांगितलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी, पुढच्या वर्षी, कधीही.” तिन्ही भागांत सर्वांत मोलाचा भाग सांगण्याचाच आहे, कारण मुलाच्या तळहाताने बळकट माणूस थांबेलच याची हमी नाही.

ही मर्यादा संशोधकांनीही स्पष्टपणे मांडली आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये शाळांतील अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा, सुमारे ५,८०० मुलांचा आढावा प्रसिद्ध केला. मुलांचे ज्ञान आणि स्वसंरक्षणाचे कौशल्य वाढते, घडलेले सांगण्याची शक्यता वाढते, आणि पालकांना ज्याची धास्ती असते तो भयगंड मुलांत वाढल्याचे आढळत नाही, असे त्यात दिसले. पण प्रत्यक्ष छळ कमी होतो, याचा पुरावा त्या चाचण्यांतून मिळाला नाही. तेव्हा मुलाला तालीम दिली की मोठ्यांची जबाबदारी संपली, असा अर्थ कुणी काढू नये. शिबिरात, वर्गात, वसतिगृहात एका मोठ्या माणसाबरोबर एक मूल बंद दाराआड राहणार नाही, ही व्यवस्था चालकांनीच लावायची असते. आणि ती लावताना ‘आपली माणसे चांगली आहेत’ हे कारण सूट म्हणून चालू नये. जिथे विश्वास सर्वाधिक, तिथे दार उघडे ठेवायला कुणाला अडचण वाटण्याचे कारणच काय?

सांगायला आलेल्या मुलासाठी दोन वाक्ये पाठ असावीत. “सांगितलंस, फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.” मग शांतपणे ऐकावे. रडू, संताप, ‘त्याला आता दाखवतोच’ हे मुलासमोर नको. आपल्या सांगण्याने घर कोसळले असे त्याला वाटते आणि ते शब्द मागे घेते. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत, आणि आजोबांपुढे, मामांपुढे, मुख्याध्यापकांपुढे पुन्हा पुन्हा तेच वदवून घेऊ नये. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह कागदावर उतरवावे.

पुढची पायरी कायद्याने ठरवून दिली आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाशी असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘बदनामी नको’ म्हणून शाळेत किंवा नात्यात परस्पर मिटवणे हा आता घरगुती निर्णय राहिलेला नाही. पोलिस ठाण्याची धास्ती वाटणाऱ्या पालकांना बहुधा ठाऊक नसते की, मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ असताना घ्यावा, असे हाच कायदा सांगतो. मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. १०९८ हा मुलांसाठीचा विनामूल्य क्रमांक मुलाने स्वतः लावला तरी चालतो; तो पाढ्यांबरोबर पाठ करून घ्यावा आणि एकदा खोट्या फोनवर लावायलाही लावावा.

विश्वासाच्या माणसांची यादी मात्र एकदा करून ठेवता येत नाही. आजी गावी जाते, वर्गशिक्षिका बदलतात, शेजारचे कुटुंब दुसरीकडे राहायला जाते. जूनमध्ये नवी पुस्तके घालताना मुलाला विचारावे, “यंदा तुझी तीन माणसं कोणती?” गेल्या वर्षीचे एखादे नाव त्याने गाळले, तर का गाळले हे त्याच क्षणी खोदून विचारू नये; पण लक्षात ठेवावे, आणि त्या आठवड्यात त्याच्यासाठी थोडा अधिक वेळ काढावा.